पोस्टमनचा उजवा हात

दृश्य साडेनऊ सेकंदांचं आहे. खांद्याला पिशवी लावलेला एक पोस्टमन गल्लीतून चालत येतो. वाटेत वरच्या खिडकीतल्या कुणाला तरी, न थांबता, उजवा हात उंचावून ओळख देतो. पुढे एका दाराशी येऊन थांबतो आणि उभा राहतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हे सगळं २२९ फ्रेमचं काम. ब्लेंडर नावाच्या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ते मी दोनदा केलं. पहिल्यांदा चालणं, हात, थांबणं हे सारं एकाच सलग पट्टीवर, एकामागून एक कीफ्रेम लावत केलं. पाहणाऱ्यांनी सांगितलं, छान आहे, फक्त हात अर्ध्या सेकंदाने उशिरा उचलला तर बरं होईल. अर्धा सेकंद म्हणजे बारा फ्रेम. तेवढ्यासाठी चालण्याच्या शेकडो कीफ्रेममधून हाताच्या कीफ्रेम वेचून काढताना लक्षात आलं, की हातात त्याच जागी चालण्याचा झोकाही मिसळलेला आहे. हात सरकवला की झोका तुटत होता. मग ते काम टाकून दिलं आणि सगळं दृश्य पुन्हा नॉनलिनिअर ॲनिमेशन एडिटरमध्ये मांडलं. या लेखात त्या दुसऱ्या वेळची हकिगत आहे.

या एडिटरला काम करणारी माणसं नुसतं एनएलए म्हणतात. तो समजायला आधी ॲक्शन म्हणजे काय ते कळायला हवं. पात्राच्या आत हाडांचा सांगाडा असतो, त्याला रिग म्हणतात. प्रत्येक हाडाचं स्थान, वळण आणि आकार काळाबरोबर कसा बदलतो याचे आलेख साठवून ठेवणारी वही म्हणजे ॲक्शन. त्या वहीतली एखादी ओळ ब्लेंडरच्या आत अशी दिसते:

```
pose.bones["upper_arm_fk.R"].rotation_quaternion
```

उजव्या दंडाच्या हाडाचं वळण, एवढाच तिचा अर्थ. ज्या हाडाला की लावली त्याचीच ओळ वहीत येते, न लावलेल्या हाडाबद्दल वही गप्प असते. पुढची सगळी गंमत आणि बहुतेक सगळे घोटाळे या गप्प राहण्यातून निघतात.

हाताने चित्रं काढून ॲनिमेशन करायचे तेव्हा पारदर्शक पत्र्यांवर काम चाले. धड एका पत्र्यावर, हलणारा हात दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकावर एक ठेवून फोटो. धड स्थिर असेल तर तोच पत्रा पुन्हापुन्हा वापरायचा. एनएलएमधले ट्रॅक म्हणजे तेच पत्रे. खालच्या ट्रॅकपासून हिशेब सुरू होतो आणि वरचा ट्रॅक खालच्यावर आपलं म्हणणं मांडतो. ट्रॅकवर ठेवलेल्या ॲक्शनला स्ट्रिप म्हणतात. स्ट्रिप पुढेमागे सरकवता येते, ताणता येते, तिची आवृत्ती करता येते, आणि या सगळ्यात आतल्या एकाही कीफ्रेमला धक्का लागत नाही.

आमच्या पोस्टमनचा रिग ब्लेंडरबरोबरच येणाऱ्या रिगिफाय ॲड-ऑनने बनवलेला आहे, म्हणून हाडांची नावं त्यातली आहेत. पहिली ॲक्शन चालण्याची, तिला नाव दिलं `chaal`. पहिल्या फ्रेमला डावी टाच पुढे टेकलेली, तेराव्या फ्रेमला उजवी टाच पुढे टेकलेली, आणि पंचविसावी फ्रेम पहिलीची हुबेहूब प्रत. म्हणजे २४ फ्रेममध्ये दोन पावलं. पोस्टमन इथे जागच्या जागी चालतो. पुढे सरकणं या ॲक्शनमध्ये नाही, ते मुद्दाम वेगळं ठेवलं आहे.

जागच्या जागी चालताना जमिनीवर टेकलेला पाय मागे सरकत जातो, आणि तो सारख्या वेगाने सरकला पाहिजे. आमचं एक पाऊल ६० सेंटिमीटरचं. टेकलेला पाय शरीराच्या ३० सेंटिमीटर पुढून ३० सेंटिमीटर मागे जातो आणि त्याला बारा फ्रेम लागतात, म्हणजे फ्रेममागे ५ सेंटिमीटर. ब्लेंडर दोन कीफ्रेमच्या मध्ये आपण होऊन गुळगुळीत वक्र घालतो, त्यात पाय हळू निघतो, मध्ये वेग घेतो आणि पुन्हा मंदावतो. टेकलेल्या पायाच्या बाबतीत तो वक्र काढून सरळ रेषा करावी लागते. तसं केलं नाही तर पुढे शरीर सरकायला लागल्यावर पाय जमिनीवर घसरताना दिसतो, आणि माणूस चुकून एनएलएला दोष देत बसतो.

ॲक्शन तयार झाली की ती खाली ढकलायची. डोप शीटमध्ये `Action Editor` उघडायचा, ॲक्शनच्या नावाशेजारी ढालीची खूण आहे ती दाबायची आणि मग `Push Down`. ढाल दाबली की ती ॲक्शन सध्या कुणी वापरत नसलं तरी फाइल जपून ठेवते. नाहीतर जिला कुणी वापरणारं नाही अशी ॲक्शन फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावर नाहीशी झालेली असते. `Push Down` केल्यावर ॲक्शन एनएलएमध्ये नव्या ट्रॅकवर स्ट्रिप होऊन बसते आणि वरची जागा नव्या कामाला मोकळी होते. ही वरची जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. सध्या हातात असलेली ॲक्शन सगळ्या ट्रॅकच्या वर बसते आणि शेवटचा शब्द तिचा असतो. स्ट्रिप कितीही हलवल्या तरी पात्रात काही फरक दिसत नसेल, तर बहुतेक वेळा जुनी ॲक्शन तिथे वर तशीच चिकटून राहिलेली असते. तिच्या नावाशेजारची फुली दाबून ती सोडवली की खालचे ट्रॅक बोलू लागतात.

`chaal` स्ट्रिप निवडून उजवीकडच्या पट्टीत `Repeat` सहा केलं. स्ट्रिप १ पासून १४५ पर्यंत पसरली, सहा चक्रं, बारा पावलं. आत कीफ्रेम एकाच चक्राच्या आहेत. उद्या गुडघा जरा जास्त वाकवावासा वाटला तर स्ट्रिपवर उभं राहून `Tab` दाबायचं, स्ट्रिप हिरवी होते, आतल्या कीफ्रेम उघडतात, तिथे बदल करायचा आणि पुन्हा `Tab` ने बाहेर यायचं. बाराही पावलांत बदल उतरतो. या आत जाण्याला ट्वीक मोड म्हणतात. आत जाताना वरचे ट्रॅक चालू ठेवायचे की बंद, असे दोन पर्याय मेन्यूत आहेत. बंद ठेवून आत गेलात आणि बाहेर यायला विसरलात, की वरच्या ट्रॅकवरचं काम पुसलं गेल्यासारखं वाटतं. ते कुठेही गेलेलं नसतं. कुठली स्ट्रिप हिरवी राहिली आहे तेवढं पाहायचं.

आता पुढे सरकणं. रिगच्या सगळ्यात तळाशी `root` नावाचं हाड असतं, ते हललं की अख्खं पात्र हलतं. त्यासाठी वेगळी ॲक्शन, `pudhe`. तिच्यात फक्त `root` च्या स्थानाच्या कीफ्रेम आहेत: पहिल्या फ्रेमला शून्य, १३३व्या फ्रेमला ६.६ मीटर, मध्ये सरळ रेषा. १३२ फ्रेम आणि फ्रेममागे ५ सेंटिमीटर, म्हणून ६.६. टेकलेला पाय जितका मागे जातो तितकंच शरीर पुढे येतं, आणि पाय जमिनीवर रोवल्यासारखा दिसतो. या दोन ॲक्शन दोन ट्रॅकवर आहेत आणि त्यांचं एकमेकींशी भांडण नाही, कारण एकीच्या वहीत जी हाडं आहेत ती दुसरीच्या वहीत नाहीत. मात्र चालणं मंद करायला `chaal` ची स्ट्रिप ताणली तर `pudhe` देखील त्याच प्रमाणात ताणावी लागते. एक ताणून दुसरी विसरली की पाय पुन्हा घसरतात.

हात उंचावण्याची ॲक्शन, `haat`, ३७ फ्रेमची. दंड वर जातो, कोपर वाकतं, पंजा दोनदा हलतो आणि हात खाली येतो. ती ६१व्या फ्रेमवर ठेवली. चालवून पाहिलं तर ६१ ते ९७ या काळात पोस्टमन हात छान उंचावतो, पण चालायचं थांबतो. पाय जोडलेले, कंबर ताठ, आणि `root` मात्र पुढे सरकतंय. सरकत्या फळीवर उभा असल्यासारखा तो गल्लीतून वाहत जातो.

कारण सोपं होतं, सापडायला वेळ लागला. हाताची पोझ घेताना मी सवयीने `A` दाबून सगळी हाडं निवडली होती आणि सगळ्यांना की लावली होती. म्हणजे `haat` च्या वहीत पायांच्याही ओळी होत्या, आणि त्या सांगत होत्या की पाय जोडून उभे राहा. स्ट्रिपची मिसळण्याची पद्धत होती `Replace`. या पद्धतीत वरची स्ट्रिप ज्या ज्या ओळींबद्दल बोलते त्या खालच्या ओळी झाकल्या जातात. वहीत नसलेल्या ओळींना ती हात लावत नाही. उपाय एवढाच: `haat` मध्ये जायचं, डावीकडच्या यादीत `upper_arm_fk.R`, `forearm_fk.R` आणि `hand_fk.R` ही तीन हाडं सोडून बाकी सगळ्या ओळी पुसून टाकायच्या. पुसल्या आणि पोस्टमन चालू लागला. आता तो हात उंचावतो तेव्हा छाती चालण्याच्या तालात डोलत असते, हात छातीला जोडलेला असतो, म्हणून उंचावलेला हातही प्रत्येक पावलागणिक थोडा वरखाली होतो. हा हेलकावा मी कुठेही काढलेला नाही, तो खालच्या ट्रॅकमधून आपोआप वर आला.

हात अचानक वर उडू नये म्हणून स्ट्रिपला `Blend In` सहा फ्रेम आणि `Blend Out` आठ फ्रेम दिलं. म्हणजे ६१ ते ६७ या काळात स्ट्रिपचा अधिकार शून्यापासून पूर्ण होत जातो आणि हात चालण्याच्या झोक्यातून सुटून वर जातो. शेवटी ८९ पासून ९७ पर्यंत तो पुन्हा झोक्याच्या स्वाधीन होतो. `Extrapolation` ला `Nothing` ठेवलं, कारण स्ट्रिपच्या आधी आणि नंतर तिने गप्प राहावं. आणि हात बारा फ्रेम उशिरा हवा होता ना? स्ट्रिप पकडून ६१ वरून ७३ वर नेली. पहिल्या वेळी ज्यासाठी दुपार गेली होती ते एका ओढीत झालं.

हाताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिने अनेकांना कोड्यात टाकलं आहे. रिगिफायमध्ये हात दोन प्रकारे हलवता येतो. एक म्हणजे खांद्यापासून एकेक सांधा वळवत, त्याला एफके म्हणतात. दुसरा म्हणजे पंजा ओढला की कोपर आपोआप जुळवून घेतं, त्याला आयके म्हणतात. एका वेळी रिग एकाचंच ऐकतो. चालण्यात हात एफकेने झुलवला असेल आणि ओळख देण्याची ॲक्शन आयकेच्या `hand_ik.R` वर केली असेल, तर स्ट्रिप अगदी बरोबर चालते, `hand_ik.R` ची चौकट हवेत जाते, आणि हात मात्र झुलतच राहतो. एका पात्रावर ज्या ॲक्शन मिसळायच्या त्या सगळ्यांनी एका अवयवासाठी एकच पद्धत वापरायची, हे पहिली की लावण्याआधी ठरवून टाकावं.

आता पिशवीचं ओझं. पोस्टमन किंचित पुढे वाकून चालायला हवा, आणि जसजसा तो पुढे येईल तसतसं वाकणं वाढावं. `chaal` च्या आत जाऊन पाठ वाकवता आली असती, पण मग ते सहाही चक्रांत सारखंच राहिलं असतं. म्हणून चौथी ॲक्शन, `oze`. तिच्यात एकच हाड, `chest`, सहा अंश पुढे. ही पोझ `chaal` चा ट्रॅक बंद ठेवून, रिगच्या मूळ स्थितीवर घेतली, कारण तिच्यात मला फक्त फरक हवा होता. दोन सारख्या कीफ्रेम, एक पहिल्या फ्रेमला, दुसरी २२९व्या. इथे `Replace` चालणार नाही. ती वापरली तर छातीचं डोलणं झाकलं जाईल आणि पाठ सहा अंशांत गोठून जाईल. इथे हवी ती `Combine`.

`Combine` ब्लेंडरच्या २.८० आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये आली. खालच्या ट्रॅकने जी स्थिती दिली तिच्यावर ती वरचा फरक चढवते. वळण असेल तर वळणावर वळण, स्थान असेल तर बेरीज, आकार असेल तर गुणाकार. `chaal` मध्ये छाती तीन अंश डावीकडे असेल तर ती तीन अंश डावीकडेच राहते आणि वर सहा अंश पुढे झुकते. शेजारीच `Add` नावाची पद्धत दिसते आणि नावावरून तीच बरोबर वाटते. तिने एकदा माझ्या पोस्टमनची छाती दुप्पट फुगवली. `oze` मध्ये वळणाबरोबर आकाराच्याही कीफ्रेम गेल्या होत्या. नेहमीचा आकार म्हणजे १. `Add` ने एकात एक मिळवला आणि दोन केले. `Combine` ने एकाला एकाने गुणलं असतं आणि एकच राहिला असता. वळणही बहुतेक रिगमध्ये क्वाटर्निअन नावाच्या चार आकड्यांनी लिहिलेलं असतं आणि ते चार आकडे नुसते बेरजेने मिसळत नाहीत. हाडांच्या कामाला मी आता `Add` वापरतच नाही.

ओझं वाढत जावं म्हणून `oze` स्ट्रिपचं `Influence` कीफ्रेमने चालवलं: पहिल्या फ्रेमला ०.३, १३३व्या फ्रेमला १, आणि थांबल्यावर तो जरा सावरतो म्हणून १६०व्या फ्रेमला ०.५. अर्धा अधिकार म्हणजे सहाचे तीन अंश. त्यासाठी आधी `Animated Influence` चा चौकोन टिचकी मारून चालू करावा लागतो. हे दिसायला अगदी छोटं काम आहे, पण पोस्टमनमध्ये माणूस दिसायला लागला तो याच वेळी.

सगळ्यात अवघड जागा थांबण्याची. उभं राहून श्वास घेण्याची ॲक्शन, `ubha`, ४८ फ्रेमची, दोनदा आवृत्ती केलेली. ती `chaal` च्या वरच्या ट्रॅकवर १३३ ते २२९ अशी ठेवली. `chaal` १४५ पर्यंत चालते, म्हणजे १३३ ते १४५ या बारा फ्रेममध्ये दोन्ही स्ट्रिप एकावर एक येतात, आणि चालण्यातून उभं राहणं तिथे घडायचं आहे. १३३ हा आकडा असाच उचललेला नाही. सहावं चक्र १२१ला सुरू होतं, तेव्हा १३३ला उजवा पाय पुढे टेकलेला असतो. त्यापुढे डावा उचलला जाईल आणि उजव्याच्या शेजारी येऊन थांबेल. कुठल्याही अधल्यामधल्या फ्रेमवर मिसळ सुरू केली तर एक पाय हवेत असतानाच त्याला खाली ओढलं जातं.

स्ट्रिप ठेवल्याठेवल्या पुन्हा तीच सरकती फळी दिसली, तीही पहिल्या फ्रेमपासून. या वेळी कारण वेगळं होतं. `ubha` चं `Extrapolation` `Hold` वर होतं आणि `Blend In` अजून शून्य होतं. ट्रॅकवरची पहिली स्ट्रिप `Hold` वर असली की ती आपली पहिली पोझ मागच्या सगळ्या काळावरही पसरवते. ती `Hold Forward` केली की फक्त पुढचा काळ धरून ठेवते.

मग `ubha` ला `Blend In` बारा. `chaal` ला `Blend Out` शून्यच ठेवलं, आणि ते मुद्दाम. दोन्हीकडे उतार दिला तर वाटतं की एक मावळेल आणि दुसरी उगवेल. पण `chaal` सगळ्यात खाली आहे. तिचा अधिकार कमी झाला की तिच्याखाली दुसरी स्ट्रिप नाही, तिथे आहे रिगची मूळ स्थिती, हात पसरून उभी. मधल्या काही फ्रेममध्ये ती डोकावते आणि पोस्टमनचे हात क्षणभर बाहेर फेकले जातात. खालची पूर्ण ठेवायची, वरची तिच्यावर चढवायची.

इथे हाताच्या उलट नियम लागतो. `haat` मध्ये जितकी कमी हाडं तितकं बरं होतं. `ubha` मध्ये `chaal` ने वापरलेलं प्रत्येक हाड असायला हवं. एखादं राहून गेलं तर त्याच्यापुरती `chaal` ची शेवटची पोझ तशीच धरून ठेवली जाते. माझ्याकडे डावा दंड राहिला होता. पोस्टमन शांत उभा, श्वास घेतोय, आणि डावा हात मात्र चालताना मागे गेलेला तसाच तिथे.

आणि पाय? १३३ला उजवा पाय शरीराच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे. उभं राहिल्यावर तो शरीराखाली असायला हवा. पाय हलणार नाही, म्हणजे शरीराने ३० सेंटिमीटर पुढे यायचं, नेहमीच्या ६० ऐवजी अर्धं पाऊल. म्हणून `pudhe` मध्ये १४५ला ६.९ मीटर. वेग एकदम तुटू नये म्हणून १३३च्या कीफ्रेमला `Quadratic` आणि `Ease Out` दिलं. सुरुवातीला तोच ५ सेंटिमीटरचा वेग राहतो आणि १४५ला शून्य होतो.

तरीही पाय घसरला, थोडासा. मागे जाऊन पुन्हा जागेवर आला. कागदावर हिशेब मांडला तेव्हा कारण कळलं. मिसळताना पायाचं स्थान दोन कारणांनी मागे जातं: चालण्याच्या ॲक्शनमध्ये तो मागे जातोच आहे, आणि वरून उभं राहण्याची ॲक्शनही त्याला शरीराखाली खेचते आहे. शरीर तेवढ्या वेगाने पुढे येत नाही. फरक सगळ्यात जास्त बरोबर मध्यावर, १३९व्या फ्रेमला, साडेसात सेंटिमीटर. दोन्ही टोकांना शून्य. ही चूक कुठल्याही ॲक्शनच्या आत नाही, दोघींच्या मिसळण्यात आहे, म्हणून ती आत जाऊन सुधारताही येत नाही. सगळ्यांच्या वर एक नवा ट्रॅक घेतला आणि त्यावर बारा फ्रेमची `tekan` ही ॲक्शन. फक्त `foot_ik.R`, फक्त पुढे-मागे, पद्धत `Combine`, `Extrapolation` `Nothing`. १३३ला शून्य, १३९ला साडेसात सेंटिमीटर पुढे, १४५ला पुन्हा शून्य. पहिल्या अर्ध्याला `Quadratic` `Ease Out`, दुसऱ्याला `Quadratic` `Ease In`. पाय रोवला गेला.

हे घसरणं तपासायची एक सोपी रीत आहे. कॅमेरा बाजूला आणायचा, टाचेशी जमिनीवर एक छोटा ठोकळा ठेवायचा आणि फ्रेम एकेक करून पुढे जायचं. नुसतं चालवून पाहिलं तर डोळा दोन-तीन सेंटिमीटर माफ करतो, ठोकळा करत नाही.

हे सगळं ब्लेंडरच्या आत राहणार असेल तर इतकं पुरे. दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचं असेल तर `Bake Action` ने सगळ्या ट्रॅकचा मिळून एक निकाल काढून घ्यावा लागतो. `Visual Keying` चालू ठेवलं की जे डोळ्यांना दिसतं तेच कीफ्रेममध्ये उतरतं. मग प्रत्येक फ्रेमला प्रत्येक हाडाची की येते आणि थरांची सोय संपते, म्हणून बेक नेहमी फाइलच्या प्रतीवर करतो. २०२५ मध्ये आलेल्या ४.४ आवृत्तीपासून एका ॲक्शनमध्ये अनेक वस्तूंच्या हालचाली वेगवेगळ्या स्लॉटमध्ये राहू शकतात. जुन्या शिकवण्या पाहून काम करताना स्ट्रिप ठेवली आणि पात्र हललंच नाही, तर तिला बरोबर स्लॉट मिळाला आहे का ते आधी पाहावं.

परवा निरोप आला. गल्ली लांब वाटते आहे, पोस्टमन दोन सेकंद आधी पोचू दे. दोन सेकंद म्हणजे ४८ फ्रेम, दोन चक्रं. `chaal` चं `Repeat` सहावरून चार केलं, स्ट्रिप ९७ला संपली. `ubha` आणि `tekan` दोन्ही ४८ फ्रेम अलीकडे ओढल्या, त्या ८५ला सुरू झाल्या. `pudhe` मधल्या दोन कीफ्रेम ८५ आणि ९७ वर आणल्या आणि त्यांचे आकडे ४.२ आणि ४.५ मीटर केले. `oze` च्या `Influence` च्या शेवटच्या दोन कीफ्रेम तेवढ्याच मागे आणल्या. हात थांबण्यावर येत होता, म्हणून `haat` ३७ वर नेली. `tekan` च्या आत पाहायचीही गरज पडली नाही, कारण ८५लाही उजवाच पाय पुढे टेकतो.